‘देऊ शकतो’ या दोन शब्दांचा खरा अर्थ

नळदुर्गातील एखाद्या मधुमेही गृहिणीची कल्पना करा. साखरेच्या नोंदी ठेवण्यासाठी ती मोबाइलवर एक अ‍ॅप घेते. ‘सहमत आहे’ दाबण्याआधी इंग्रजीत लांबलचक मजकूर येतो. मुलगा त्यावरून नजर फिरवतो आणि म्हणतो, ‘‘काही नाही, आई. माहिती सुरक्षित राहील असं लिहिलंय.’’ वाक्य सोपे झाले, पण तसे मजकुरात लिहिलेलेच नव्हते.

अशा अटींतील माहिती देण्याविषयीचे कलम साधारण पुढीलप्रमाणे असते. हे कोणा एका अ‍ॅपचे नाही. नेहमी आढळणाऱ्या शब्दांतून जुळवलेला नमुना आहे: ‘सेवा पुरवण्यासाठी, तिच्यात सुधारणेसाठी व अन्य कायदेशीर हेतूंसाठी आम्ही आपली माहिती, आरोग्यविषयक माहितीसह, आमचे सेवापुरवठादार, संलग्न कंपन्या व व्यावसायिक भागीदार यांना देऊ शकतो. ओळख काढलेली माहिती कोणत्याही हेतूसाठी वापरली जाऊ शकते.’

सोपे करताना पहिली चूक ‘देऊ शकतो’पाशी होते. कुणी त्याचे ‘देतो’ करतो, कुणी ‘सहसा देत नाही’ म्हणून धीर देतो. दोन्ही चुकीचे. कंपनीने येथे केवळ परवानगी राखून ठेवली आहे; ती वापरते की नाही, हे कलम सांगत नाही.

दुसरी चूक म्हणजे तिन्ही मंडळींना ‘इतर कंपन्या’ या एकाच पोत्यात भरणे. सेवापुरवठादार सामान्यतः अ‍ॅपवाल्या कंपनीचेच काम करतो, जसे की नोंदी साठवून ठेवणे. संलग्न कंपनी त्याच उद्योगसमूहातील असते. व्यावसायिक भागीदार मात्र ती माहिती स्वतःच्या धंद्यासाठी वापरू शकतो. रुग्णासाठी हा फरक मोठा आहे.

तिसरी चूक ‘ओळख काढलेली’चे ‘ओळखता न येणारी’ करणे. नाव आणि फोन नंबर काढला, पण वय, गाव, आजार आणि तपासणीची तारीख उरली, तर मोठ्या शहरात माणूस गर्दीत हरवेल. लहान गावात, आजार दुर्मिळ असेल तर, एवढ्यावरून शेजारीही त्याला ओळखेल.

आता तेच कलम असे लिहिता येईल: ‘तुमची माहिती, साखरेच्या नोंदींसह, आम्ही इतरांना देऊ शकतो. त्यांपैकी काही आमच्यासाठी काम करतात, काही आमच्या समूहातील कंपन्या आहेत, काही आमचे व्यावसायिक भागीदार आहेत. त्यांची नावे येथे दिलेली नाहीत. सेवा देणे आणि सुधारणे याखेरीज इतर कायदेशीर कारणांसाठीही माहिती देऊ शकतो. ती कारणे सांगितलेली नाहीत. तुमची ओळख काढून उरलेली माहिती कशासाठीही वापरली जाऊ शकते. ओळख कशी काढतो, हे सांगितलेले नाही. हे थांबवायचे असल्यास काय करावे, हे या कलमात नाही.’

हे भाषांतर मूळ मजकुरापेक्षा लांब आहे, आणि ते योग्यच आहे. ‘सांगितलेले नाही’ हे शब्द काढले की मजकूर छोटा होतो आणि खोटाही. कोणती माहिती, कोणाला, कशासाठी आणि थांबवायचे कसे, हे चार प्रश्न मूळ कलमाला विचारावेत. उत्तर नसेल तर तसेच लिहावे. स्वतःच्या अंदाजाने जागा भरू नये.

अचूक भाषांतरालाही मर्यादा आहे: मूळ आश्वासनच पाळले गेले नाही, तर सोपे वाक्य काय करणार? पाळीच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘फ्लो’ या अ‍ॅपने माहिती खासगी ठेवण्याचे सांगूनही ती फेसबुक, गुगल यांच्या विश्लेषण सेवांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. 2021 मध्ये ते प्रकरण समझोत्याने मिटले.

भारतात 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमतीची विनंती स्पष्ट, सोप्या भाषेत करण्यास आणि ती आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय देण्यास सांगितले आहे. कायद्यातच एक उदाहरण आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कयादी मागितली आणि रुग्णाने होकार दिला, तरी त्या सेवेला यादीची गरज नसल्याने होकार सेवेपुरताच धरला जाईल. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. संमतीच्या तरतुदी त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत.

तेव्हा मराठी मजकूर येईल. पण ‘संलग्न संस्थांसह सामायिकीकरण’ अशी मराठी आली, तर रुग्णाच्या पदरात काही पडणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वी काळजीपूर्वक संमती घेणारा डॉक्टर ‘समजले का?’ एवढ्यावर थांबत नाही. ‘काय समजले ते सांगा’ असे म्हणतो. आरोग्य अ‍ॅप काढणाऱ्यांनी आपले कलम काही रुग्णांना वाचून दाखवावे आणि हेच विचारावे. ‘माझी साखर कुणाकडे जाऊ शकते, ते यांनी सांगितलेलं नाही’ असे उत्तर आले, तर वाक्य अचूक उतरले. मग बदलायचे ते कलमच.