डाळीची परात आणि दीड वर्षाचं मूल

अंबडला एमआयडीसीजवळ माझी बहीण राहते. तिनं मोबाइलवर पाहून परातीत हरभरा आणि राजमा ओतला आणि दीड वर्षाच्या मुलाला खेळायला बसवलं. आमच्या अम्मीचा आक्षेप एवढाच, "अन्नाशी खेळू नये." मला मात्र काळजी वेगळीच होती.

तिसऱ्या दिवशी पोराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येऊ लागला. डॉक्टरांनी आतून हरभरा काढला, भिजून फुगलेला. कडधान्याचा हाच धोका असतो. मण्यासारखं ते तसंच राहत नाही, ओलाव्यानं वाढतं. नाकात गेलं तर निदान वास सांगतो. श्वासनलिकेत गेलं तर मूल जोरात ठसकतं आणि मग शांत होतं. आपल्याला वाटतं, निघालं. पण नंतर खोकला राहिला किंवा छातीत शिट्टी वाजली तर दाणा आत असू शकतो. लगेच दवाखाना गाठावा आणि ठसक्याची गोष्ट आपणहून सांगावी. तोंडात अंदाजानं बोट घालू नये, दाणा आणखी आत जातो.

धान्याला हात लावणं वाईट, असं मी म्हणत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. त्यांनी आणि अनुताई वाघांनी परिसरात फुकट मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणसाधनं उभी केली. पण बालवाडीचं मूल साधारण तीन वर्षांपुढचं असतं आणि शेजारी ताई बसलेली असते. मोबाइलवरच्या चित्रात परात दिसते, ताई दिसत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. तीन वर्षांच्या आत कोरडी डाळ नको. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग साधारण सव्वातीन सेंटिमीटर रुंदीच्या नळीत टाकून तपासतात. आत मावेल ते धोक्याचं. त्यात राजमासुद्धा सहज मावतो. या वयाला मळलेल्या कणकेचा मोठा गोळा द्या. मात्र तेव्हाही शेजारी बसा.

तीन वर्षांनंतरही मूल वस्तू तोंडात, नाकात घालत असेल तर थांबा. नसेल तर खाली जुनी चादर अंथरा, परातीत दोन वाट्या मसूर मोजून घाला, सोबत पळी आणि पेला. हाताच्या अंतरावर बसा, फोन बाजूला ठेवा. खेळ संपला की चादरीची चार टोकं उचला आणि डाळ पुन्हा मोजा. कमी भरली तर पलंगाखाली पाहा. फरशीवरच्या मसुरावरून नानीचा पाय घसरतो, आणि उरलेला दाणा रांगणाऱ्या धाकट्याला सगळ्यात आधी सापडतो.

ती डाळ वेगळ्या बरणीत ठेवा, पुढच्या खेळाला तीच वापरा. अम्मीचाही आक्षेप मग उरत नाही.