महिन्याचे चार हजार, पण कोणासाठी?

वाणिज्य शाखेत आम्ही ‘ना नफा ना तोटा’ बिंदू शिकतो, तो बहुधा परीक्षेपुरता. त्याचा व्यवहारातला अर्थ मला एका जाहिरातीने शिकवला.

कॉलेज सुटल्यावर मी टिळकवाडीतल्या एका कोवर्किंग जागेसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून भाड्याने वापरायच्या कचेरीसाठी, इन्स्टाग्रामवरच्या पोस्ट लिहितो. मराठीत ‘महिना फक्त चार हजार’ आणि कन्नडमध्ये ‘तिंगळिगे नाल्कु साविर’. दिवसाचा पास ३०० रुपये, करासह. मासिक योजनेवर मात्र १८ टक्के जीएसटी वेगळा. ते वाक्य सर्वांत खाली, बारीक अक्षरांत.

माझा एक शाळासोबती घरबसल्या भाषांतराची कामे घेतो. माझी पोस्ट वाचून त्याने मासिक योजना घेतली. चार हजारांना तीनशेने भागले की चौदाव्या दिवसापासून मासिक योजना स्वस्त, असा त्याचा हिशेब. पण बिल आले ४,७२०. पंधरा दिवसांचे पास ४,५०० चे होतात, सोळा दिवसांचे ४,८००. म्हणजे खरा बिंदू सोळावा दिवस! तो तर आठवड्यातून तीनदाच, महिन्यात बारा दिवस आला. पासवर ३,६०० लागले असते. १,१२० रुपये जादा गेले. ‘तू तर कॉमर्सचा ना रे?’ एवढेच तो म्हणाला, आणि पुन्हा फिरकला नाही.

मालकांना मी म्हटले, ‘काका, सोळा दिवसांची गोष्ट पोस्टमध्येच लिहू या.’ ते म्हणाले, ‘मग सगळे पासच घेतील. इमारतीचे भाडे मला दरमहा भरावे लागते.’ त्यांची अडचण खोटी नाही. पण माझ्या मते जो बारा दिवस येणार, तो मासिक योजनेत दुसऱ्या महिन्याला टिकतच नाही. पास घेऊन मात्र वर्षभर येत राहतो.

मासिक योजनेचे खरे गिऱ्हाईक वेगळेच आहे. नवा उद्योग काढणाऱ्यांना जीएसटी नोंदणीसाठी पत्ता लागतो. त्यासाठी जागेचा करार किंवा मालकाचे संमतिपत्र आणि वीजबिल द्यावे लागते. एका दिवसाच्या पासावर हे कोण देणार? मासिक दरात ही कागदपत्रे मिळतात की त्यांचे वेगळे पैसे पडतात, हे पोस्टमध्ये नसेल, तर विचारणा शंभर येतील आणि गिऱ्हाईक एकही नाही.

म्हणून दोघांसाठी दोन पोस्ट हव्यात. पहिलीत लिहावे: ‘पंधरा दिवसांपर्यंत येणार असाल तर पास घ्या, सोळा किंवा जास्त दिवस येणार असाल तर मासिक योजना, करासह ४,७२०.’ दुसरीत पत्त्याची कागदपत्रे आणि त्यांचा खर्च.

काकांनी पहिली पोस्ट एक महिना लावून बघायचे कबूल केले आहे. ती मी आधी त्या सोबत्याला दाखवणार आहे.