कोटेशनमध्ये काय नाही, तेही लिहा

आमच्या वस्तीतला एक तरुण ग्रिलचे काम करतो. वेल्डिंगचा हात चांगला, बोलणे गोड; पण हिशोब तोंडी. मागच्या महिन्यात तो संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "काका, काम केलं मी आणि तोटाही मलाच."

प्रकार असा. एका गिऱ्हाइकाच्या चार खिडक्यांना ग्रिल बसवायचे होते. याने मोबाईलवर एका ओळीत लिहून पाठवले : 'चार ग्रिल, फिटिंगसह, ११,९६० रुपये.' गिऱ्हाईक हो म्हणाले. नंतर ते म्हणाले, "सळई बारीक वाटते, जरा जाड लाव." याने लावली. पैसे देताना मात्र ११,९६० चाच आकडा पुढे आला. लिहिलेले तेवढेच होते, भांडायचे कशावर?

'जरा जाड' म्हणजे किती, ते पाहू. प्रत्येक खिडकी १.२ मीटर लांब-रुंद. उभ्या १३ आणि आडव्या ४, मिळून १७ सळया; म्हणजे २०.४ मीटर लोखंड. १२ मिलिमीटरची चौकोनी सळई मीटरला सुमारे १ किलो १३० ग्रॅम भरते. एक ग्रिल साधारण २३ किलोचे, चार मिळून ९२ किलो. याचा दर मजुरीसह किलोला १३० रुपये, म्हणून ११,९६०. लावली ती १६ मिलिमीटरची. जाडी वाढली चारच मिलिमीटर, पण वजन दोन्ही बाजूंनी वाढते. मीटरला सुमारे २ किलो, एक ग्रिल ४१ किलो, चार मिळून १६४. म्हणजे ७२ किलो लोखंड जादा, ९,३६० रुपयांचे!

मग आम्ही दोघांनी बसून, हेच काम पुन्हा आले तर कोटेशनचा ईमेल कसा असावा, तो लिहून काढला.

पहिला भाग, काय धरून भाव दिला : 'ता. अमुक रोजी जागेवर घेतलेली मापे. १२ मिमी चौकोनी सळई, दोन सळयांतील अंतर १०० मिमी, सोबतच्या चित्राप्रमाणे. ग्रिल घराच्या आतून बसवता येईल. फिटिंग एकाच दिवसात, वीज गिऱ्हाइकाची. रेडऑक्साइडचा एक हात. भाव १५ दिवसांपर्यंत लागू.' लोखंडाचा भाव हलतो, म्हणून ही मुदत हवीच.

दुसरा भाग, यात काय नाही : 'ऑइलपेंट, भिंतीची भोके बुजवून प्लास्टर करणे, जुने ग्रिल कापून काढणे, बाहेरून बसवण्यासाठी परांची, सोसायटीची परवानगी.' 'फिटिंगसह' या एका शब्दात गिऱ्हाईक ही सगळी कामे धरून चालते, आणि त्यात त्याची लबाडी नसते. आपण सांगितलेच नाही तर त्याला कळणार कसे?

तिसरा भाग, जादा पैसे कधी : नुसते 'जादा काम झाल्यास जादा आकार' असे लिहून उपयोग नाही. कारण आणि दर दोन्ही हवेत. 'सळईची जाडी किंवा अंतर बदलल्यास वाढलेल्या वजनाचे किलोला १३० रुपये. कटिंग झाल्यावर बदल सांगितल्यास वाया गेलेल्या लोखंडाचे व कटिंगचेही पैसे. घर बंद असल्याने दुसरी फेरी झाल्यास ५०० रुपये.' आणि शेवटी महत्त्वाचे वाक्य : 'कोणतेही जादा काम, त्याची रक्कम ईमेलने कळवून तुमचा होकार आल्यावरच सुरू होईल.' हे वाक्य दोघांनाही सांभाळते.

उत्तर आले की नीट वाचावे. 'मान्य' असे आले तर ठीक. पण 'मान्य, मात्र ऑइलपेंट त्यातच धरा' असे आले तर तो होकार नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या सातव्या कलमाप्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. अट घातली की तो गिऱ्हाइकाचा नवा प्रस्ताव झाला. तसेच लोखंड कापायला घेतले, तर ती अट आपण मानली असे धरले जाऊ शकते. म्हणून पेंटची रक्कम घालून नवे कोटेशन पाठवावे, त्यावर 'मान्य' घ्यावे, मगच ॲडव्हान्स आणि कटिंग.

तो तरुण म्हणाला, "एवढं लांबलचक वाचून गिऱ्हाईक पळेल, काका." मी म्हटले, "एखादं पळेल. पण जे ९,३६० रुपयांना बुडवणार, ते आधीच कळलेलं बरं."

आपल्या घरी ग्रिल, कपाट किंवा ओटा करून घेताना आपणही हाच प्रश्न विचारावा : भाऊ, या रकमेत काय काय नाही, ते लिहून दे.