बिडीने झोप जात नाही, नुसती लांबते

लासलगावहून कांदा भरून मध्यरात्री निघालेला ट्रक पहाटे तीनच्या सुमारास कसारा घाटाला लागतो. दोन ते पाच ही वेळच अशी, की शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं. सकाळी वाशीचा बाजार गाठायचा असतो, म्हणून ड्रायव्हर थांबत नाही, बिडी पेटवतो. निकोटीनमुळे थोडा वेळ तरतरी येते, पण राहिलेली झोप भरून निघत नाही. तलफ परत आली की सुस्ती वाढते. ताशी ६० च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला, तरी गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते.

मागचा मैलाचा दगड कधी गेला हे आठवत नसेल, तर घाटाआधीच ढाब्यावर गाडी लावा. कडक चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच २० मिनिटांचा गजर लावून आडवे व्हा. चहाचा असर व्हायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. उठल्यावर दहा मिनिटं चाला, मगच स्टेअरिंग धरा. रात्रपाळीच्या कामगारांनाही मधल्या सुट्टीत हे जमतं. मात्र या डुलकीवर तास-दोन तासच निघतात. दिवसाची पुरी झोप घ्यावीच लागते.