विश्लेषण : निफ्टीची दिशा खरोखर बदलली, हे कसे ओळखतात?

‘निफ्टी’ने २७ सप्टेंबर २०२४ रोजी २६,२७७ चा विक्रमी उच्चांक गाठला आणि त्यानंतर घसरण सुरू झाली. ती संपली असे मार्च २०२५ मध्ये अनेकांना वाटले. मात्र आलेखाची रचना वेगळेच सांगत होती.

बाजाराची रचना म्हणजे काय?

भाव सरळ रेषेत चालत नाही. तो चढतो, थांबतो, उतरतो. प्रत्येक नवे शिखर आणि तळ आधीपेक्षा वर असेल, म्हणजे ‘हायर हाय’ आणि ‘हायर लो’ होत असतील, तर तेजी. दोन्ही आधीपेक्षा खाली, म्हणजे ‘लोअर हाय’ आणि ‘लोअर लो’, असतील तर मंदी. चालू दिशेने आधीचे शिखर किंवा तळ मोडला की त्याला ‘ब्रेक ऑफ स्ट्रक्चर’ म्हणतात. तो दिशा कायम असल्याचा संकेत असतो. उलट दिशेची पातळी प्रथमच मोडली, तर ते ‘चेंज ऑफ कॅरेक्टर’, म्हणजे स्वभाव बदलल्याची पहिली खूण.

मार्चमध्ये नेमके काय घडले?

फेब्रुवारीच्या सुरुवातीचे शिखर सुमारे २३,८०७ वर होते. तेथून निफ्टी ४ मार्चला २१,९६५ पर्यंत घसरला. त्यामुळे मंदी संपली असे म्हणण्यासाठी २३,८०७ ची पातळी ओलांडणे आवश्यक होते. २५ मार्चला निफ्टी दिवसभरात २३,८७० पर्यंत गेला. पण बंद होताना २३,७०० च्याही खाली आला. पातळीला केवळ मेणबत्तीची वात लागली, बंद भाव वर टिकला नाही. वात पाहून खरेदी करणारे फसले. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या घोषणेनंतर ७ एप्रिलला निफ्टी २१,७४४ पर्यंत कोसळला. शिखरापासून ही घट सुमारे नऊ टक्के होती आणि मार्चचा तळही मोडला.

खरा बदल कधी झाला?

आता ओलांडायची पातळी २३,८७० झाली. १७ एप्रिलचा बंद भाव तिच्या किंचित खाली राहिला. २१ एप्रिलला मात्र निफ्टी २४,१२५ वर बंद झाला. पुढे भारत-पाकिस्तान संघर्षामुळे ९ मे रोजी आलेली घसरण २३,९३५ च्या आसपास थांबली. हा तळ एप्रिलच्या तळापेक्षा बराच वर होता. शस्त्रसंधीनंतर १२ मे रोजी निफ्टी २४,९२४ वर बंद झाला आणि मेच्या सुरुवातीचे सुमारे २४,६०० चे शिखर मागे पडले. तेजीच्या दिशेचा हा ‘ब्रेक ऑफ स्ट्रक्चर’.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

खात्रीची किंमत उशिराने मोजावी लागते. २१ एप्रिलचा संकेत मिळेपर्यंत निफ्टी तळापासून सुमारे ११ टक्के वर आला होता. शिवाय पंधरा मिनिटांच्या आलेखात दिसणारा बदल दैनंदिन आलेखात नुसती उसळी असू शकतो. म्हणून आलेख कोणत्या कालावधीचा, हे आधी ठरवावे लागते.