पगार वाढला की ग्रॅच्युइटीचं जुनं देणंही फुगतं. साखर कारखान्याच्या ताळेबंदात सभासदांनी काय बघावं?

साखर कारखान्यातला कामगार निवृत्त झाला की पीएफचे पैसे बहुतेक वेळा काही आठवड्यांत खात्यावर येतात. ग्रॅच्युइटीचं तसं होत नाही. 'पुढच्या हंगामात बघू', 'साखर विकली की देऊ', 'हप्त्याने घ्या' अशी उत्तरं मिळतात. कारखाना बंद पडला किंवा भाड्याने चालवायला गेला, तर तेवढंही कोणी बोलत नाही.

हा फरक समजला की पुढचं सगळं सोपं जातं. पीएफ दर महिन्याला पगारातून कापला जातो, त्यात कारखान्याचा वाटा पडतो आणि पैसा बाहेर, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जातो. ग्रॅच्युइटीसाठी कामगाराच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. ती पूर्णपणे मालकाने द्यायची असते आणि देईपर्यंत मालकाच्याच खिशात असते. म्हणजे कामगार दरवर्षी थोडी थोडी ग्रॅच्युइटी कमावतो, पण ती कारखान्याकडे उधार राहते. २५-३० वर्षांची ही उधारी शेवटच्या दिवशी एकदम चुकवायची असते.

हिशेब कसा होतो?

ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, पण हिशेबाचं सूत्र तेच राहिलं. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला ते लागू आहे. सलग पाच वर्षं नोकरी झाली की हक्क तयार होतो. कामगाराचा मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट राहत नाही.

सूत्र असं आहे:

शेवटचा महिन्याचा पगार ÷ २६ × १५ × नोकरीची वर्षं

इथे पगार म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता. घरभाडं, बोनस, ओव्हरटाइम धरत नाहीत. २६ ने भागायचं कारण सुट्ट्या वगळून महिन्यात साधारण २६ कामाचे दिवस येतात. ३० ने भागलं तर रक्कम कमी होते, म्हणून कागदावर भागाकार कितीने केलाय ते बघायला विसरू नये. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांहून जास्त काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात.

एक उदाहरण घेऊ. बॉयलर विभागातला एक कायम कामगार २७ वर्षं ७ महिने नोकरी करून निवृत्त झाला. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. २६ ने भागलं की दिवसाचे १,००० रुपये. पंधरा दिवसांचे १५,०००. वरचे ७ महिने धरून वर्षं झाली २८. म्हणजे ग्रॅच्युइटी ४ लाख २० हजार रुपये. कायद्याने कमाल मर्यादा २० लाखांची आहे, त्यामुळे या कामगाराला पूर्ण रक्कम मिळायला हवी.

हंगामी कामगाराचं गणित वेगळं आहे. जो फक्त गळीत हंगामात कामावर असतो, त्याला पंधरा नाही तर दर हंगामाला सात दिवसांचा पगार धरतात. हंगामात कारखाना जितके दिवस चालला त्याच्या किमान ७५ टक्के दिवस त्याने काम केलेलं असावं लागतं. दिवसाचा पगार ८०० रुपये आणि २४ हंगाम झाले असतील, तर एका हंगामाचे ५,६०० आणि एकूण १ लाख ३४ हजार ४०० रुपये होतात. भांडण बहुतेक इथेच लागतं. नावाला हंगामी असलेला माणूस ऑफ-सीझनला ओव्हरहॉलिंगच्या कामावर वर्षभर राबत असेल, तर तो सात दिवसांच्या हिशेबात बसत नाही. पण हे सिद्ध करायला हजेरीचे कागद आणि पगाराच्या पावत्या लागतात. त्या जपून ठेवल्या नाहीत तर कारखान्याच्या मस्टरवर जे लिहिलंय तेच खरं धरलं जातं.

मग हे कारखान्याच्या डोक्यावरचं कर्ज कसं?

सूत्रात 'शेवटचा पगार' आहे, ही खरी गोम आहे. कामगाराने २००५ मध्ये जे वर्ष काम केलं, त्याची ग्रॅच्युइटी २००५ च्या पगारावर मोजत नाहीत. ती निवृत्तीच्या दिवशीच्या पगारावर मोजतात. त्यामुळे आज पगारवाढ झाली की मागच्या सगळ्या वर्षांचं देणं एका झटक्यात वाढतं.

समजा एका कारखान्यात ३०० कायम कामगार आहेत, प्रत्येकाची २० वर्षं झाली आहेत आणि पगार २६,००० आहे. सगळे सारखे नसतात, पण गणित सोपं व्हावं म्हणून तसं धरू. प्रत्येकाची ग्रॅच्युइटी झाली ३ लाख. तीनशे जणांची ९ कोटी.

आता नवा करार होऊन पगार १० टक्क्यांनी वाढला. दिवसाचा पगार १,१०० झाला आणि पंधरा दिवसांचे १६,५००. वीस वर्षांची ग्रॅच्युइटी ३ लाखांवरून ३ लाख ३० हजारांवर गेली. कोणी एक दिवसही जास्त काम केलेलं नाही, तरी ३०० कामगारांचं देणं ९ कोटींवरून ९ कोटी ९० लाख झालं. वर्ष संपलं की प्रत्येकाचं एकविसावं वर्ष भरतं, त्याचे आणखी ४९ लाख ५० हजार. म्हणजे एका वर्षात देणं जवळपास १ कोटी ४० लाखांनी वाढलं. त्या वर्षी एकही कामगार निवृत्त झाला नसेल, तर यातला एक रुपयाही रोखीत गेलेला नसतो. कॅश बुकात हे दिसत नाही.

याच कारणाने हिशेबाचे नियम सांगतात की ग्रॅच्युइटीचा खर्च माणूस निवृत्त होईल तेव्हा नाही, तर तो काम करत असताना दरवर्षी दाखवायचा. आज किती देणं उभं आहे हे विमागणक काढून देतो. पगार किती वाढेल, किती जण मधेच सोडून जातील, पैसे किती वर्षांनी द्यायचेत, हे सगळं तो धरतो, म्हणून त्याचा आकडा वरच्या साध्या गुणाकारापेक्षा वेगळा येतो.

नव्या संहितेने यात अजून भर घातली आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग आता पगारात धरायचा आहे. एखाद्याला महिन्याला ३०,००० मिळतात, त्यात मूळ आणि महागाई भत्ता फक्त १२,००० आणि बाकी १८,००० इतर भत्ते असतील, तर निम्म्यावरचे ३,००० पगारात जातात आणि ग्रॅच्युइटी १५,००० वर मोजावी लागते. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांनी डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत या बदलांपोटी प्रत्येकी हजार कोटींहून जास्त तरतूद केली, ती याच कारणाने. मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला आता पाच वर्षं थांबावं लागत नाही. एक वर्ष झालं की केलेल्या कामाच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते.

तरतूद आहे, पण पैसा आहे का?

सहकारी कारखान्याचा मालक म्हणजे ऊस उत्पादक सभासद. त्यामुळे हा प्रश्न फक्त कामगाराचा राहत नाही. वार्षिक सभेआधी घरी येणाऱ्या अहवालात तीन गोष्टी बघता येतात.

पहिली, देणी बाजूला 'ग्रॅच्युइटी तरतूद' किती दाखवली आहे. कामगारांची संख्या, सरासरी पगार आणि सरासरी वर्षं धरून वरच्या सूत्राने कागदावर ढोबळ आकडा काढावा. हिशेब ९ कोटींचा येत असेल आणि तरतूद २ कोटींची असेल, तर बाकीचं देणं लपलेलं आहे. तेवढा तोटा कमी दाखवला गेला, किंवा नफा फुगवला गेला.

दुसरी आणि जास्त महत्त्वाची, येणी बाजूला त्यासाठीची गुंतवणूक आहे का. तरतूद म्हणजे फक्त वहीतली नोंद. ९ कोटींची तरतूद लिहून तोच पैसा ऊस बिलात, दुरुस्तीत किंवा बँकेच्या हप्त्यात वापरला गेलेला असू शकतो. एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीच्या ग्रुप ग्रॅच्युइटी योजनेत, अथवा वेगळ्या ट्रस्टमध्ये भरलेला पैसाच कामगारासाठी खरोखर बाजूला काढलेला असतो.

तिसरी, लेखापरीक्षकाचे शेरे. 'ग्रॅच्युइटी रोखीच्या तत्त्वावर दाखवली आहे' असं वाक्य सापडलं, तर त्याचा अर्थ जो निवृत्त झाला त्यालाच दिलेली रक्कम खर्चात धरली, कामावर असलेल्यांचं साचलेलं देणं धरलंच नाही.

पैसा बाजूला काढलेला नसेल तर अडचण बरोबर वाईट वर्षात येते. गाळप कमी होतं, कारखाना माणसं कमी करतो, एकदम शंभर जण घरी बसतात आणि प्रत्येकाला लाखांत द्यावे लागतात. त्याच वेळी एफआरपीही थकलेली असते आणि तारण घेतलेली बँक दारात उभी असते. शेजारच्या कर्नाटकाने २०२४ मध्ये ग्रॅच्युइटीचा विमा सक्तीचा करण्याचे नियम आणले, ते नेमके यासाठी.

रक्कम अडवली तर?

नोकरी संपल्यापासून ३० दिवसांत ग्रॅच्युइटी द्यायची असते. कामगाराने अर्ज केला नसला तरी रक्कम ठरवून कळवणं हे मालकाचं काम आहे. तरीही लेखी अर्ज करून पोच घेतलेली बरी, कारण पुढच्या तक्रारीला तोच कागद लागतो. उशीर झाला तर सरळ व्याज द्यावं लागतं. १९७२ च्या कायद्याखाली ते वर्षाला १० टक्के होतं. वरच्या उदाहरणातले ४ लाख २० हजार तीन वर्षं अडवले असते, तर व्याजाचे १ लाख २६ हजार वर आले असते.

दाद मागायची ती ग्रॅच्युइटीसाठी नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज कुठे करायचा ते सांगतात. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. मात्र वसूल करायला काहीतरी शिल्लक असावं लागतं. साखर, जमीन आणि यंत्रं आधीच गहाण असतील, तर आदेश हातात असूनही वाट बघावी लागते. म्हणून वेगळ्या निधीत पैसा भरला जातोय का, हा प्रश्न कारखाना चालू असतानाच, कामगारांच्या युनियनने आणि सभासदांनी सभेत विचारायचा असतो. बंद पडल्यावर विचारायला समोर उरतो तो फक्त अवसायक.