हक्क नाकारलेले दुःख

निवासी शाळेत एखाद्या मुलाचे किंवा मुलीचे मन पहिल्यांदा मोडते, तेव्हा आम्ही मोठी माणसे त्या घटनेला एकच शब्द वापरतो : ‘प्रकरण’. प्रकरण म्हटले की चौकशी आली, पालकांना बोलावणे आले, मोबाईल काढून घेणे आले आणि शेवटी तंबी आली. या साऱ्या धावपळीत ते मूल दुःखात आहे, ही गोष्ट कोठेच नोंदली जात नाही. अशी बाब शिस्तीच्या वहीतून काढून समुपदेशकाच्या हाती सोपवली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. समुपदेशक तेथे नेमके काय करतो, हे पालकांना व माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच.

शोकाचे अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली एक संकल्पना मांडली. समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, त्या दुःखाचा शोक करण्याचा हक्कही माणसाला मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे. घरात कोणी गेले तर शेजारी येतात, शाळा रजा देते, पुण्यानुमोदनाला आप्तेष्ट जमतात. सोळाव्या वर्षी तुटलेल्या प्रेमाला यांतले काहीच लाभत नाही. उलट ते लपवावे लागते, कारण ते उघड झाले तर शिक्षा होईल अशी भीती असते. दुःख आणि लपवणूक एकत्र आली की मूल बोलणे सोडते, खोलीत कोंडून घेते. आम्ही ज्याला हट्ट समजतो, तो पुष्कळदा या कोंडीचा परिणाम असतो.

‘एवढ्याशा गोष्टीचे एवढे काय?’ हा प्रश्नही आम्ही सहज विचारतो. प्रौढ माणसाजवळ पूर्वीच्या दुःखातून बाहेर आल्याचा अनुभव असतो. किशोरवयीन मुलाजवळ तो नसतो. हे कधी तरी ओसरेल, यावर त्याने विश्वास ठेवावा तरी कशाच्या आधारावर? शिवाय या वयात ‘मी कोण’ याचे उत्तर घडत असते आणि त्या उत्तरात ती दुसरी व्यक्ती मिसळलेली असते. ती गेली की आपलाच एक भाग गेल्यासारखे वाटते.

एक कल्पित पण नेहमीच्या अनुभवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. अकरावीतील सोळा वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्याच मुलाने संबंध संपल्याचे कळवले. वसतिगृहात परतल्यापासून तिचे जेवण तुटले आहे, रात्री झोप नाही, सकाळच्या वंदनेला ती उठत नाही, मैत्रिणींशी बोलत नाही. नवव्या दिवशी अधीक्षिका तिला समुपदेशिकेकडे पाठवतात.

जाणती समुपदेशिका पहिल्या भेटीत उपदेश करत नाही. ती आधी गोपनीयतेची मर्यादा सांगते : ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कायद्याने मला कळवणे भाग असेल, तर ते मी तुला सांगून योग्य व्यक्तीला कळवीन.’ हे आधीच सांगणे अगत्याचे आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या शारीरिक संबंधांत संमती ग्राह्य धरली जात नाही आणि अशी माहिती मिळाल्यास ती कळवणे बंधनकारक असते. संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊन नंतर ते मोडले, तर मुलीचा दुसऱ्यांदा विश्वासघात होतो.

मग ती ऐकते. मुलगी ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत ती तिला परत विचारते. ‘तो तुझ्या लायकीचाच नव्हता’ असे ती म्हणत नाही, कारण त्या मुलीला अजून तसे वाटत नसते आणि ऐकणारी आपल्या बाजूची नाही असा तिचा ग्रह होतो. त्यानंतर ती झोप, भूक, अभ्यास यांची चौकशी करते आणि एक प्रश्न सरळ विचारते : ‘जगू नये, स्वतःला संपवावे, असे विचार येतात का?’ असे विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार शिरतो, ही समजूत चुकीची आहे; अभ्यासांतून तसे आढळलेले नाही. उत्तर होकारार्थी आले तर कसे, केव्हा, साधन हाताशी आहे का, हे विचारावे लागते. बेत ठरलेला असेल तर मुलीला क्षणभरही एकटे ठेवायचे नाही, पालकांना त्याच दिवशी कळवायचे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचे. शेतकरी कुटुंबातील पालकांना घरातील कीटकनाशके कुलपात ठेवण्यास सांगणे हाही त्या कामाचाच भाग आहे.

आमच्या उदाहरणातील मुलीचे उत्तर असे : ‘मरावेसे नाही वाटत, पण कोणाला तोंड दाखवावेसेही वाटत नाही.’ येथे दुःख आणि लाज वेगळी काढावी लागतात. समुपदेशिका तिला एकदम सर्वांत मिसळायला सांगत नाही. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी ठरतात : एका मैत्रिणीसोबत रोज एक वेळचे जेवण आणि ठरलेल्या वेळी उठणे. मन लागले की काम करू, असे म्हटले तर ती वेळ लांबत जाते; थोडे काम सुरू झाले की मन मागून येते. जुने संदेश पुन्हा पुन्हा वाचल्याने जखम ओली राहते, म्हणून ते मैत्रिणीकडे ठेवण्याचा पर्याय तिच्यापुढे मांडला जातो. निर्णय मात्र तिचाच. वर्गात तो मुलगा रोज दिसणार, म्हणून बसण्याची जागा बदलण्याची व्यवस्था कारण जाहीर न करता होते.

शोक लाटांसारखा येतो. मधूनच मूल हसते, एखाद्या तासाला रमते. हे ओसरणे मुळीच दिसले नाही, उदासी किंवा कशातच रस नसणे जवळजवळ रोज दोन आठवडे टिकले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि तेथे समुपदेशनाची मर्यादा येते. डॉक्टरांकडे पाठवलेच पाहिजे. किशोरांत हे नैराश्य कधी रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने दिसते. फार अस्वस्थ असलेले मूल अचानक शांत झाले आणि आवडत्या वस्तू वाटू लागले, तर ते बरे झाले असे मानू नये. तो धोक्याचा इशारा असू शकतो.

आणखी एक गोष्ट. ज्या मुलाने संबंध संपवला, तो गुन्हेगार नाही. नकार देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि नकार पचवता येणे हे शिक्षणच आहे. मुलीच्या जागी मुलगा असेल आणि तो संतापून पाठलाग करू लागला, धमक्या देऊ लागला, तर त्याचे दुःख मान्य करूनही ते वर्तन त्याच दिवशी थांबवावे लागते.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. समुपदेशकाकडे शिस्त आणि शिक्षेचे अधिकार असू नयेत. ज्याच्या हाती शिक्षा असते त्याला मूल मन दाखवत नाही. त्याची खोली कार्यालयापासून दूर असावी. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहात लावलेला असावा आणि तेथून फोन करण्याची मुभा असावी. पालकांनी, मूल सुट्टीत अबोल होऊन आले तर, ‘कोण आहे तो?’ किंवा ‘कोण आहे ती?’ असे विचारण्याआधी ‘जेवलीस का, झोप लागते का?’ एवढे विचारावे. पहिल्या प्रश्नाने चौकशी सुरू होते. दुसऱ्याने मुलाला बोलायला जागा मिळते.